पगारवाढ, स्लॅब आणि हातात येणारे पैसे

“पगारवाढ झाली तर मी वीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये जाईन. मग हातात येणारा पगार उलट कमीच होणार ना? त्यापेक्षा वाढ नको म्हणून सांगू का?”

वाढ अवश्य घ्यावी. वीस टक्के हा दर तुमच्या संपूर्ण उत्पन्नाला लागत नाही. सोळा लाखांच्या वर जे उत्पन्न जाईल तेवढ्यालाच लागतो. पगारपत्रके तयार करण्याच्या कामात मला हा प्रश्न दर वर्षी ऐकू येतो, आणि त्याचा दोष मी विचारणाऱ्यांना देत नाही. स्लॅबचे तक्ते छापताना ‘१६ ते २० लाख : २० टक्के’ एवढेच लिहिले जाते आणि ‘या टप्प्यातील रकमेवर’ हे शब्द गाळले जातात. मग माणूस स्वतःला एखाद्या स्लॅबचा रहिवासी समजू लागतो. प्रत्यक्षात स्लॅब माणसाला नसतो, उत्पन्नातल्या एकेका टप्प्याला असतो.

आर्थिक वर्ष २०२५-२६ मधील नव्या करप्रणालीचे दर घेऊ. पहिल्या चार लाखांवर कर नाही, चार ते आठ लाखांवर ५ टक्के, आठ ते बारा लाखांवर १०, बारा ते सोळा लाखांवर १५ आणि सोळा ते वीस लाखांवर २० टक्के. वीस लाखांच्या पुढे दर आधी २५ आणि चोवीस लाखांनंतर ३० टक्के होतो. समजा, ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट घेतल्यावर तुमचे करपात्र उत्पन्न १५,९०,००० रुपये आहे. दुसऱ्या टप्प्याचे २०,०००, तिसऱ्याचे ४०,००० आणि बारा लाखांवरील ३,९०,००० रुपयांचे १५ टक्क्यांनी ५८,५०० असा एकूण १,१८,५०० रुपये कर होतो. त्यावर ४ टक्के उपकर धरला की १,२३,२४० रुपये.

आता वर्षाला ६०,००० रुपयांची वाढ मिळाली आणि करपात्र उत्पन्न १६,५०,००० झाले. त्यातील पहिले १०,००० रुपये सोळा लाखांची रेषा गाठण्यातच संपले, म्हणून त्यांना १५ टक्केच लागले. उरलेल्या ५०,००० वर २० टक्के, म्हणजे १०,००० रुपये. एकूण कर १,३०,००० आणि उपकरासह १,३५,२००. कर ११,९६० रुपयांनी वाढला आणि साठ हजारांपैकी ४८,०४० रुपये तुमच्याकडे राहिले. वाढीपूर्वीच्या १५,९०,००० रुपयांवरचा कर या सगळ्या हिशेबात एका रुपयानेही हललेला नाही.

येथे दोन वेगळे दर दिसतात आणि गोंधळ त्यांच्या सरमिसळीतून होतो. पुढच्या रुपयावर लागणारा दर म्हणजे सीमांत दर. तो १५ वरून २० झाला. एकूण कर भागिले एकूण करपात्र उत्पन्न म्हणजे सरासरी दर. उपकर सोडून तो ७.४५ टक्क्यांवरून सुमारे ७.८८ टक्क्यांवर गेला. वाढ स्वीकारावी की नाही, जादा काम घ्यावे की नाही, हे ठरवताना सीमांत दर पाहावा. वर्षभरात कराचा भार किती पडला हे पाहायचे असेल तर सरासरी दर. सर्वांत वरच्या स्लॅबचा दरसुद्धा उपकर धरून ३१.२ टक्केच आहे. त्यामुळे केवळ स्लॅबच्या गणिताने वाढीच्या प्रत्येक शंभर रुपयांतले किमान ६८ रुपये ८० पैसे तुमचेच राहतात आणि वाढीमुळे हातातली रक्कम घटणे शक्यच होत नाही.

तरीही ‘माझ्या खात्यात मात्र फारसे काही आले नाही’ असे सांगणारे खोटे बोलत नसतात. हीच साठ हजारांची वाढ एप्रिलपासून लागू झाली, पण आदेश जानेवारीत निघाला असे समजा. जानेवारीत नऊ महिन्यांची थकबाकी ४५,००० आणि त्या महिन्याचे ५,००० असे पन्नास हजार एकदम जमा होतात. वर्षाचा वाढीव कर ११,९६० रुपये मात्र कंपनी टीडीएसद्वारे उरलेल्या तीन महिन्यांत विभागून, दरमहा सुमारे ३,९८७ रुपये असा कापते. परिणामी फेब्रुवारीत पाच हजारांच्या वाढीतून जेमतेम १,०१३ रुपये हाती येतात, आणि लोक त्या एका पगारपत्रकावरून स्लॅबला दोष देतात. एप्रिलपासून कर बारा महिन्यांवर पसरला की तीच वाढ दरमहा सुमारे ४,००३ रुपयांची होते. मूळ वेतन वाढल्यामुळे भविष्य निर्वाह निधीची कपातही वाढली असेल, तर तेही पैसे तुमच्याच खात्यात जात असतात.

आता खरा अपवाद, आणि तो स्लॅबमुळे नव्हे तर करसवलतीमुळे निर्माण होतो. करपात्र उत्पन्न बारा लाखांपर्यंत असेल तर कलम ८७ए खालील सवलत ६०,००० रुपयांचा संपूर्ण कर माफ करते. बारा लाखांची रेषा ओलांडली की ही माफी जाते. हा धक्का सौम्य करण्यासाठी मार्जिनल रिलीफची तरतूद आहे: कर हा बारा लाखांवरील जादा उत्पन्नापेक्षा अधिक आकारायचा नाही. मात्र उपकर या मर्यादित कराच्या वर लागतो. पगार १२,७५,००० वरून १३,२५,००० झाला, म्हणजे करपात्र उत्पन्न बारावरून साडेबारा लाख झाले, तर कर ५०,००० आणि उपकर २,००० रुपये. पन्नास हजारांची वाढ आणि बावन्न हजारांचा कर. येथे हातातली रक्कम खरोखर दोन हजारांनी घटते. या पट्ट्यात सीमांत दर १०४ टक्के आहे.

हा पट्टा अरुंद आहे. करपात्र उत्पन्न सुमारे १२,७०,५८८ रुपयांच्या पुढे गेले की नेहमीचा स्लॅबचा कर लागू होतो, आणि १२,७४,००० च्या आसपास, म्हणजे पगार साधारण साडेतेरा लाख झाल्यावर, वाढीचा फायदा सुरू होतो. (पन्नास लाखांच्या वर लागणारा अधिभारही असाच संपूर्ण करावर बसतो, त्यालाही स्वतंत्र रिलीफ आहे.)

तुमची वाढ नेमकी याच पट्ट्यात पडत असेल, तर ती नाकारण्यापेक्षा तिचे स्वरूप बदलून मागावे. नव्या प्रणालीतही मालकाने राष्ट्रीय पेन्शन योजनेत भरलेले अंशदान मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंत वजा होते. वरील उदाहरणात मूळ वेतन सहा लाख असेल तर ८४,००० रुपयांपर्यंत वाव आहे. वाढीचे पन्नास हजार या मार्गाने वळवले, तर करपात्र उत्पन्न बारा लाखांवरच थांबते, कर शून्य राहतो, दरमहा हातात येणारी रक्कम पूर्वीइतकीच राहते आणि पन्नास हजार पेन्शन खात्यात जमा होतात. ते पैसे दीर्घकाळ अडकून राहतात, हा त्यातला तोटा; आणि हा बदल कंपनीने वेतनरचनेतच करावा लागतो, म्हणून वाढीचे पत्र स्वाक्षरी करून परत देण्याआधीच पगार विभागाशी बोलावे.