एका बेअरिंगचा ईओक्यू काढला, त्याचा अनुभव

आमच्याकडे एका साइजच्या बेअरिंगवरून परचेस आणि स्टोअरचं कायम वाजायचं. परचेसवाले म्हणायचे एकदाच भरपूर मागवा, सारखी कटकट नको, आणि स्टोअरवाले म्हणायचे रॅक फुटायला आलेत, थोडं थोडं आणा. शेवटी ईओक्यू, म्हणजे एका वेळी किती नग मागवले की एकूण खर्च सगळ्यात कमी येतो तो आकडा, काढायचं काम माझ्याकडे आलं. सूत्र सोपंय, Q = √(2DS/H), फोर्ड हॅरिसने 1913 मध्येच मांडलेलं. Q म्हणजे एका ऑर्डरचे नग, D वर्षाची मागणी, S एका ऑर्डरचा खर्च, H एक नग वर्षभर ठेवायचा खर्च. डोकं खातं ते S आणि H शोधणं.

मागणी 3600 नग, त्यात वाद नव्हता. नगाची किंमत 40 (चलन कुठलंही धरा) आणि अडकलेल्या पैशाचं व्याज, विमा, खराबी मिळून वर्षाला 20 टक्के, म्हणजे H झाला 8. गोडाऊनचं भाडं मी त्यात धरलंच नाही, कारण माल कमी ठेवला तरी ते तेवढंच द्यावं लागणार होतं.

खरी गंमत S ची. अकाउंट्सने सांगितलं 1600. कसा काढला विचारलं तर अख्ख्या परचेस डिपार्टमेंटचा पगार भागिले वर्षातल्या ऑर्डरी! अहो पण ऑर्डरी निम्म्या केल्या म्हणून कुणाचा पगार निम्मा होणारे का? मी फक्त ऑर्डरीगणिक खिशातून जाणारा खर्च धरला, गाडीचं फिक्स भाडं, उतरवणी, बाहेरून करून घ्यायचं इन्स्पेक्शन, तो आला 400.

मग Q = 600. वर्षाला 6 ऑर्डरी, त्यांचे 2400, आणि स्टॉक सरासरी 300 म्हणून ठेवायचे पण 2400. दोन्ही खर्च सारखे आले की समजायचं गणित जुळलं. 1600 धरला असता तर लॉट आला असता 1200 चा, आणि खरा खर्च 4800 च्या जागी 6000. म्हणजे S चौपट चुकला तरी फटका 25 टक्केच, कारण तळाशी हा कर्व्ह बराच सपाट असतो. मला तरी हे सूत्रापेक्षा जास्त कामाचं वाटलं.

कारण सप्लायर निघाला 240 च्या पेटीवाला, सुटे नग देत नाही. 600 काही बसेना, मग 3 पेट्या म्हणजे 720 केले. खर्च 4880, फक्त 80 वाढले, कुणी हू की चू केलं नाही.

नंतर उत्साहात हेच ग्रीसला लावायला गेलो तर लॉट आला दीड वर्षाच्या वापराएवढा आणि डब्याची मुदत एकच वर्ष. सूत्राला एक्स्पायरी कळत नाही, तिथे मुदतीच्या आत संपेल एवढंच मागवतो आम्ही.