वॉर्डातला एक मृत्यू, पंधरा मिनिटं

"मॅडम, पुढच्या महिन्यातल्या डेथ मीटिंगला माझी केस लागली आहे. प्रेझेंटेशन कसं बसवायचं? आणि शेवटच्या 'लर्निंग पॉइंट्स'च्या स्लाईडवर नक्की काय लिहायचं?"

आधी वेळेची वाटणी करा. एका केसला अर्धा तास मिळत असेल तर तुमचं बोलणं पंधरा मिनिटांत संपलं पाहिजे, उरलेला वेळ चर्चेचा. त्या पंधरातली दोन मिनिटं तक्रार, पूर्वेतिहास आणि दाखल होतानाच्या तपासणीला द्या, आठ मिनिटं वॉर्डातल्या घटनाक्रमाला, तीन विश्लेषणाला आणि दोन बदलाला. बहुतेक निवासी डॉक्टर नेमकं उलटं करतात, कारण केस मांडायची सवय आपल्याला एमडीच्या परीक्षेने लावलेली असते. तिथे हिस्टरीवरून निदानापर्यंत पोचायचं असतं. इथे निदान आणि शेवट दोन्ही सगळ्यांना ठाऊक आहेत. माहीत नसतं ते एवढंच, की दाखल झाल्यापासून शेवटपर्यंत कोणत्या तासाला कोणाला काय दिसत होतं आणि त्यावर काय ठरलं.

एक केस घेऊनच सांगते. ती कुणा एका रुग्णाची नाही. पावसाळा संपताना मेडिसिनच्या वॉर्डात जे पाहत आले, त्यातून जोडलेली आहे. सव्वीस वर्षांचा, साठ किलो वजनाचा तरुण, चार दिवस ताप, एनएस-वन पॉझिटिव्ह. सोमवारी संध्याकाळी सहाला वॉर्डात आला तेव्हा ताप १०१, नाडी ९२, रक्तदाब ११६/७४, हिमॅटोक्रिट ४०, प्लेटलेट ६२ हजार. बुधवारी पहाटे तो गेला.

केस पेपरवरून सांगायची तर गोष्ट अशी होते: डेंग्यूचा रुग्ण, प्लेटलेट घसरल्या, प्लेटलेट दिल्या, शॉकमध्ये गेला, आयसीयूत हलवला, प्रयत्न करूनही वाचला नाही. यावर सगळे मान डोलावतात आणि पुढची केस सुरू होते. तीच केस घड्याळावर मांडून पाहा.

मंगळवार सकाळी नऊ, राऊंड. ताप उतरलेला, रुग्ण म्हणतो बरं वाटतंय. नोंद: 'अफेब्राईल, कंटिन्यू सेम ट्रीटमेंट'. सलाईन ताशी ७५ मिली. पहाटे सहाला पाठवलेला सीबीसी नऊ चाळीसला तयार झाला. प्लेटलेट ३८ हजार, हिमॅटोक्रिट ४९. लॅबला फोन करून फक्त प्लेटलेट विचारल्या गेल्या. छापील रिपोर्ट दुपारी एकला फाईलला लागला. दुपारी दोनला सिस्टरांच्या नोंदीत पोटदुखी आणि दोन उलट्या आहेत, त्यावर पॅन्टोप्राझोल आणि ऑन्डॅन्सेट्रॉन. चारला रक्तदाब १००/८०, नाडी ११२. लघवीचा रकाना सकाळपासून कोरा. आठला ड्यूटी बदलली, निरोप होता, 'बेड १४, डेंग्यू, स्टेबल, प्लेटलेट लावायच्या आहेत'. नातेवाईक दुपारपासून रक्तपेढीच्या वाऱ्या करत होते. दहाला प्लेटलेटच्या चार पिशव्या चढल्या. साडेअकराला रक्तदाब लागेना. एकला आयसीयू.

आता या आठ मिनिटांत तुम्हाला काही आरोप करावा लागत नाही. चारची नोंद पडद्यावर आली की समोर बसलेल्यांना दिसतंच. वरचा आकडा १०० होता म्हणून सगळे निश्चिंत राहिले, पण वरच्या आणि खालच्या आकड्यातलं अंतर, म्हणजे पल्स प्रेशर, फक्त २० होतं. डेंग्यूत ते २० किंवा त्याहून कमी होणं म्हणजेच शॉक. वरचा आकडा पडायला नंतर बराच वेळ लागतो, विशेषतः तरुण माणसात. हिमॅटोक्रिट ४० वरून ४९ म्हणजे बावीस टक्क्यांहून जास्त वाढ. रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा बाहेर पाझरत होता, हे तो रिपोर्ट सकाळी पावणेदहालाच सांगत होता. आणि ताप उतरला ती वेळ बरं होण्याची वाटली, प्रत्यक्षात डेंग्यूतले धोक्याचे चोवीस ते अठ्ठेचाळीस तास त्याच सुमारास सुरू होतात. प्लेटलेटचा आकडा तेवढा सगळ्यांच्या तोंडी होता, आणि या रुग्णाला कुठेही रक्तस्राव नव्हता.

घटनाक्रमाचा तक्ता करताना प्रत्येक तपासणीला तीन वेळा लिहा: नमुना कधी गेला, रिपोर्ट कधी तयार झाला, आणि निर्णय घेणाऱ्या डॉक्टरने तो कधी पाहिला. पहिल्या दोन लॅबच्या नोंदीत मिळतात. तिसरी कुठेच नसते. त्यासाठी त्या दिवशीच्या इंटर्नला, सिस्टरांना, रजिस्ट्रारला भेटून विचारावं लागतं, आणि मीटिंगच्या आदल्या रात्री विचारून चालत नाही. मृत्यूनंतर दोन-तीन दिवसांत, आठवण ताजी असतानाच विचारा. एकदा 'आपण लक्ष ठेवून होतो' अशी गोष्ट मनात तयार झाली की माणूस खोटं न बोलताही तीच सांगतो.

चार्टवरच्या वेळांवर डोळे झाकून विसंबू नका. सहा, दहा, दोन, सहा अशा गोल वेळा, सगळीकडे एकच पेन आणि श्वसनगती दर वेळी २०, असं दिसलं की नोंदी एकदम भरलेल्या असण्याची शक्यता धरा. ताडून पाहायला रक्तपेढीचं इश्यू रजिस्टर, आयसीयूचं कॉल रजिस्टर आणि ईसीजीच्या पट्टीवर छापलेली वेळ उपयोगी पडते. तरीही जुळलं नाही तर स्लाईडवर सरळ 'वेळ अंदाजे' लिहा. चाळीस रुग्णांना रात्रपाळीला दोन सिस्टर असतील तर तेही त्याच स्लाईडवर लिहा. ती सबब नाही, त्या रात्रीची वस्तुस्थिती आहे.

नावं कुठेच नकोत, रुग्णाचंही नाही, डॉक्टरांचंही नाही. 'रात्रपाळीचा निवासी डॉक्टर' पुरे. वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरांना मात्र मीटिंगला बोलवाच. दुपारी दोनच्या उलट्या फक्त त्यांच्याच वहीत आहेत, आणि त्या खोलीत नसतील तर चर्चा डॉक्टरांच्या नोंदींपुरतीच राहते. त्या मृत्यूची पोलीस किंवा प्रशासकीय चौकशी चालू असेल तर केस मांडण्याआधी विभागप्रमुखांशी बोला.

विश्लेषणाच्या आधी एक स्लाईड फॉर्म ४ ची ठेवा, म्हणजे मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्राची. मी हा आग्रह धरते, कारण तिथेच बरंच काही उघडं पडतं. 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट' लिहिलेला फॉर्म काहीच सांगत नाही. मरताना हृदय सगळ्यांचंच थांबतं, आणि मरण्याची पद्धत लिहू नका, असं त्या फॉर्मवरच छापलेलं आहे. या रुग्णाच्या पहिल्या भागात वरच्या ओळीत डेंग्यू शॉक आणि खालच्या ओळीत गंभीर डेंग्यू यायला हवं. शेजारचा रकाना असतो कारण सुरू झाल्यापासून मृत्यूपर्यंतच्या कालावधीचा. तो बहुतेक जण रिकामा सोडतात. तुम्ही भरायला बसलात की शॉक कधी सुरू झाला हे ठरवावं लागतं. साडेअकरा धरलं तर कालावधी पाच तासांचा. चार धरलं तर बारा तासांहून जास्त, आणि त्यातले पहिले नऊ तास तो वॉर्डातच होता.

विश्लेषणात 'हा मृत्यू टाळता आला असता का' या प्रश्नाने सुरुवात करू नका. शेवट माहीत असताना प्रत्येक खूण ठळक दिसते. त्याऐवजी प्रत्येक टप्प्यावर विचारा, त्या वेळी त्या माणसाकडे असलेल्या माहितीवर दुसरा निर्णय शक्य होता का. नऊच्या राऊंडला ४९ चा आकडा कोणाकडेच नव्हता, त्यामुळे राऊंडला दोष देता येत नाही. एकला तो फाईलमध्ये होता. चारला फाईलमध्ये ४९, वहीत उलट्या आणि चार्टवर २० चं अंतर, तिन्ही होतं, पण तीन वेगवेगळ्या कागदांवर. एका माणसाने एकत्र पाहिलं असतं तर त्याच तासात ताशी किलोमागे ५ ते १० मिली, म्हणजे साठ किलोला ३०० ते ६०० मिली सलाईन देऊन पुन्हा तपासणं शक्य होतं. चालू होतं ७५. तरीही तो वाचलाच असता असं म्हणू नका. शवविच्छेदन झालेलं नसतं आणि डेंग्यूत यकृत, हृदयही बिघडू शकतं.

आता तुमची शेवटची स्लाईड. 'डेंग्यूच्या रुग्णांकडे बारकाईने लक्ष द्यावे', 'निवासी डॉक्टरांचे प्रशिक्षण घ्यावे' ही वाक्यं काढून टाका. सहा महिन्यांत नवे निवासी डॉक्टर येतात आणि प्रशिक्षण विरून जातं. 'सर्व डेंग्यू रुग्णांना जास्त सलाईन द्यावे' तर घातकच आहे. धोक्याचा काळ सरला की पाझरलेला द्रव रक्तात परत येतो, आणि तेव्हा चालू राहिलेलं सलाईन फुप्फुसात पाणी करतं.

या केसमधून मी दोनच बदल लिहीन. एक, तापाच्या चार्टवर रक्तदाबाशेजारी पल्स प्रेशरचा रकाना, आणि तो आकडा २० किंवा कमी आला तर सिस्टरांनी कोणाला न विचारता थेट रजिस्ट्रारला बोलवायचं. दोन, लॅबमधून फोनवर प्लेटलेट सांगताना हिमॅटोक्रिट आधी सांगायचं, आणि घेणाऱ्याने दोन्ही आकडे कालच्या आकड्यांशेजारी लिहायचे. प्रत्येक बदलापुढे तो करणाऱ्याचं पद आणि तारीख. चार्ट छापून येईपर्यंत इन्चार्ज सिस्टर पेनाने रकाना आखतील, असंही तिथेच ठरवून घ्या.

पुढच्या मीटिंगची पहिली पाच मिनिटंही तुमचीच आहेत. त्या महिन्यातले डेंग्यूचे दहा चार्ट काढा आणि किती चार्टवर तो रकाना भरलाय, किती वेळा २० आलं आणि त्यातल्या कितींदा रजिस्ट्रार आला, एवढंच मोजून आणा. दहापैकी चारच भरलेले निघाले तर उरलेल्या सहा चार्टवर नोंद करणाऱ्या सिस्टरांशी बोला. वजाबाकी करायला वेळ नाही, रकाना अरुंद आहे, रात्री रजिस्ट्रारचा फोन लागत नाही, यातलं जे ऐकायला मिळेल ते तुमच्या स्लाईडवर आलं पाहिजे, म्हणजे त्या दिवशी चार्टचा दुसरा मसुदा ठरवता येईल.