प्रोफाइल फोटो फक्त ओळखीच्यांना: व्हॉट्सॲपची सेटिंग बदलतानाचा माझा अनुभव

मी आमच्या गृहनिर्माण सोसायटीची खजिनदार असल्यामुळे माझा मोबाइल नंबर सूचनाफलकावर, देखभाल शुल्काच्या पावतीवर आणि सभासदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असतो. तो लपवणे शक्य नाही आणि योग्यही नाही. परंतु त्या नंबरासोबत माझा आणि नातीचा फोटोही वाटेल त्याला दिसावा, हे मला मान्य नव्हते. आमच्याच एका सभासदाचा प्रोफाइल फोटो उचलून कोणीतरी तो दुसऱ्या नंबरावर लावला आणि ‘हा माझा नवीन नंबर, तातडीने पैसे पाठवा’ असे संदेश शेजाऱ्यांना पाठवले, तेव्हा मी हे काम मनावर घेतले.

प्रत्यक्ष सेटिंग बदलायला वेळ लागत नाही. अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सॲप उघडून वरच्या तीन टिंबांवर दाबायचे, Settings मध्ये जाऊन Privacy उघडायचे आणि तेथे Profile picture निवडायचे; जुन्या आवृत्तीत त्याच जागी Profile photo असे लिहिलेले असते. पुढे चार पर्याय येतात: Everyone, My contacts, My contacts except… आणि Nobody. आपण काहीच बदलले नसेल, तर Everyone निवडलेले असते, म्हणजे ज्याच्याकडे आपला नंबर आहे त्या प्रत्येकाला फोटो दिसतो. मी My contacts निवडले. About या मजकुराची सेटिंग त्याच पानावर असली, तरी ती स्वतंत्र आहे. फोटोची बदलली म्हणून तिची आपोआप बदलत नाही. आमच्या मजल्यावरील एका गृहस्थांनी प्रोफाइलच्या नावापुढे फ्लॅट क्रमांक लिहिला आहे आणि About मध्ये ‘गावी आहे, 20 तारखेनंतर भेटू’ असे लिहिले होते. घर बंद असल्याची ही वर्दी अनोळखी माणसालाही वाचता येत होती, म्हणून About कडेही तितकेच लक्ष द्यावे असे मला वाटते, आणि मी तिथेही My contacts निवडले.

खरा प्रश्न होता तो My contacts म्हणजे नेमके कोण, हा. ज्यांनी माझा नंबर साठवून ठेवला आहे ते, की ज्यांचे नंबर मी साठवले आहेत ते? खात्री करून घेण्यासाठी मी घरातला दुसरा फोन वापरला. त्यातील सिमचा नंबर माझ्या फोनमध्ये नव्हता, मात्र त्या फोनमध्ये माझा नंबर नावासह होता. त्या फोनवर माझे चॅट उघडले, तर फोटोच्या जागी राखाडी आकृती दिसली आणि नावावर दाबल्यावर About चीही ओळ दिसली नाही. मग मी तो नंबर माझ्या फोनमध्ये साठवला. थोड्या वेळाने त्या फोनवर चॅट बंद करून पुन्हा उघडले, तेव्हा फोटो आणि About दोन्ही दिसू लागले. शेवटी उलट करून पाहिले: त्या फोनमधून माझे नाव काढून टाकले, तरीही फोटो दिसतच राहिला. समोरच्याने आपला नंबर साठवला आहे की नाही याला येथे काहीच महत्त्व नाही. आपल्या फोनमधील यादीत कोण आहे, एवढेच पाहिले जाते. म्हणूनच एकाच ग्रुपमध्ये असलेल्या, पण आपण न साठवलेल्या सभासदालाही फोटो दिसत नाही.

सेटिंग बदलल्यानंतर काही दिवसांनी दुबईत नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याचा फोन आला. ‘मावशी, तू मला ब्लॉक केलंस का? तुझा फोटोच दिसत नाही,’ असे त्याने विचारले. तसे असते तर त्याच्या संदेशांवर एकच टिक राहिली असती; त्याच्या संदेशांवर मात्र दोन टिका येत होत्या, म्हणजे अडचण फोटोपुरतीच होती. त्याचा नवा नंबर ताईने मला कळवला होता आणि मी तो नावासह साठवलाही होता, तरीसुद्धा त्याच्या चॅटवर नावाऐवजी नुसता नंबर दिसत होता. कारण त्यातच होते. तो नंबर तेथे स्थानिक पद्धतीने फिरवतात तसा, म्हणजे 05 ने सुरू होणारा, लिहिला होता. परदेशातील नंबर + आणि देशाचा संकेतांक लावून साठवला नाही, तर व्हॉट्सॲपला तो आपल्या यादीतला म्हणून ओळखता येत नाही. सुरुवातीचे शून्य काढून +971 5 असा तो साठवल्यावर चॅटवर भाच्याचे नाव आले आणि त्याला माझा फोटो दिसू लागला. परदेशी नातेवाइकांच्या चॅटवर नाव न दिसता नंबर दिसत असेल, तर आधी हेच तपासावे.

यानंतर माझ्या यादीकडेच नीट पाहणे भाग पडले. जुन्या फोनमधून गुगल खात्याद्वारे आलेली कित्येक नावे तिच्यात होती: सोडून गेलेले भाडेकरू, एकदाच आलेला फर्निचरवाला, पूर्वीच्या कार्यालयातील माणसे. या सर्वांना My contacts मुळे फोटो दिसतच होता. त्याहून मला चिंतेची वाटली ती बंद पडलेल्या नंबरांची गोष्ट. आपल्याकडे बंद झालेला मोबाइल नंबर किमान 90 दिवसांनंतर दूरसंचार कंपनी नव्या ग्राहकाला देऊ शकते. माझ्या एका दिवंगत मैत्रिणीच्या नावापुढे अनोळखी तरुणाचा फोटो दिसला, तेव्हा तो नंबर दुसऱ्याकडे गेला आहे हे लक्षात आले. माझ्या यादीत तो नंबर असल्याने व्हॉट्सॲपच्या दृष्टीने तो तरुण माझ्या ओळखीचाच होता. तिचे नाव यादीतून काढताना वाईट वाटले, पण तो नंबर मी काढून टाकला.

काही नंबर काढता येत नाहीत. लिफ्टची दुरुस्ती करणारा, पाण्याच्या टँकरवाला, केबलवाला यांचे नंबर मला कामासाठी लागतात. त्यांच्यासाठी मी My contacts except… हा पर्याय निवडला. तो उघडला की आपली यादी समोर येते, नको त्या नावांवर खूण करायची आणि शेवटी खालच्या बरोबरच्या चिन्हावर दाबायचे. ज्यांना वगळले त्यांना तसा कोणताही निरोप जात नाही, त्यामुळे संबंध बिघडण्याचा प्रश्न येत नाही. शिवाय फोटो लपवला म्हणून आपल्याला इतरांचे फोटो दिसणे बंद होत नाही. तशी देवाणघेवाण Last seen च्या बाबतीत असते, फोटो आणि About च्या बाबतीत नसते. नवा नंबर साठवला, की त्याला फोटो आपोआप दिसू लागतो, हे मात्र ध्यानात ठेवावे लागते. त्यामुळे एखाद्या नव्या कारागिराचा नंबर घेतला, की मी लगेच ही वगळण्याची यादी उघडून त्याच्या नावावर खूण करते.

या सेटिंगने काय होत नाही, तेही सभासदांना सांगते. प्रोफाइलला दिलेले नाव ग्रुपमधील अनोळखी सभासदांनाही दिसते, म्हणून त्यात फ्लॅट क्रमांक लिहू नये. स्टेटस कोणाला दिसावे याची सेटिंग वेगळी आहे. यादीतल्या माणसाने दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्याने आपला फोटो टिपला, तर त्याला अडवता येत नाही, आणि आधीच कोणी उतरवून घेतलेला फोटो परत मिळत नाही. ज्यांच्या फोटोचा गैरवापर झाला, त्या सभासदांनी म्हणूनच सेटिंग बदलण्याबरोबर फोटोही बदलला, ग्रुपवर आपला खरा नंबर कळवला आणि 1930 या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली.