सोडलेलं तळं आणि गेरू लावलेले बांबू

देवगड ते आचरा या पट्ट्यातल्या एका खाडीकाठी कोळंबीचं एक जुनं तळं आहे. क्षेत्र साधारण दोन एकर. कांदळवन तोडून, चारही बाजूंनी मातीचा बांध घालून केलेलं, काही वर्षं चालवलेलं आणि मग सोडून दिलेलं. तिथे दोनदा कांदळाची रोपं लावली गेली आणि दोन्ही वेळा मेली. तिसऱ्यांदा लावायची का, एवढाच प्रश्न आमच्यापुढे होता. त्यासाठी अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, उधाणाची भरती गाठून, आम्ही चौघं तिथे गेलो.

सकाळी सातला ओहोटी सरून पाणी नुकतंच फिरलं होतं. पहिलं काम मोजणीचं. दुसऱ्या वेळच्या बाराशे रोपांपैकी एकतीस जिवंत सापडली. त्यातली एकही इकडेतिकडे विखुरलेली नव्हती. सगळीच्या सगळी ईशान्येच्या कोपऱ्यात, जिथे तळं खणताना जमिनीचा एक तुकडा तसाच राहून गेला होता, तिथे उभी होती. रोपं निकृष्ट असती किंवा गुरांनी खाल्ली असती, तर मरण असं जागा बघून आलं नसतं. म्हणजे दोष जागेच्या उंचीत होता आणि आता उंचीच मोजायची होती.

याला महागडं यंत्र लागत नाही. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी, वीस मीटर, पाण्याने भरलेली. नळीत बुडबुडा राहिला की माप चुकतं, म्हणून भरताना एक टोक बादलीत बुडवून पाणी ओढून घ्यायचं आणि दोन्ही टोकं शेजारी धरून पातळी जुळते का ते आधी पाहायचं. बांधाबाहेर तिवराची, म्हणजे खारफुटीच्याच दुसऱ्या एका झाडाची, जुनी, निरोगी झाडी शिल्लक होती. तिथल्या जमिनीला आम्ही शून्य मानलं. तळ्याचा तळ त्याहून ३८ सेंटिमीटर खाली निघाला. बांधासाठी माती आतूनच काढली होती, त्यामुळे तळ असा खोल गेला. बांधात पाणी आत-बाहेर सोडायला फळ्यांचं दार असतं, ती उघाडी. तिचा उंबरठा मात्र शून्याच्या फक्त २० सेंटिमीटर खाली. याचा सरळ अर्थ असा की बाहेर कितीही ओहोटी लागली तरी आत १८ सेंटिमीटर पाणी कायम साचलेलं राहणार.

खारफुटीला खारं पाणी लागतं, पण साचलेलं नको असतं. तिवराची चिखलातून वर आलेली श्वासमुळं आणि कांदळाच्या आधारमुळांवरची छिद्रं ओहोटीत उघडी पडतात, तेव्हा झाड हवा आत घेतं. भरतीचे काही तास ते त्या साठ्यावर काढतं. पाणी उतरलंच नाही तर मुळं गुदमरतात. शिवाय अशा डबक्यात एप्रिल-मेमध्ये पाणी आटत जातं आणि मागे राहिलेल्या पाण्याचा खारटपणा समुद्राच्याही वर चढतो.

पाण्याची चढउतार पाहायला आम्ही बांबू रोवले होते, तीन बाहेर आणि तीन आत, प्रत्येकावर ओल्या गेरूचा हात फिरवून वाळवलेला. पाणी जिथवर चढतं तिथवर गेरू धुऊन जातो आणि रेघ राहते. लाटेमुळे एखाद सेंटिमीटर रेघ वर जाते, तेवढं सोडून द्यायचं. दहाच्या सुमाराला बाहेर तिवराच्या बुडाशी पाणी शिरलं, पावणेबाराला भरती पूर्ण झाली आणि रेघ ४२ सेंटिमीटरवर लागली. दीड वाजायच्या आत ती जमीन पुन्हा उघडी. आतल्या बांबूंवर पाणी जेमतेम नऊ सेंटिमीटर चढलं, तेही तासभर उशिरा, कारण उघाडीच्या निम्म्या फळ्या चिखलात रुतून बसल्या होत्या. संध्याकाळी पाच वाजता बाहेरची खाडी पार तळाला गेली होती. आत त्या नवातले चारच सेंटिमीटर उतरले होते. उधाणाच्या दिवशी ही गत, तर भांगाच्या, म्हणजे सगळ्यात कमी भरती-ओहोटीच्या, दिवसांत आत पाणी हलतही नसणार.

भरती चढत असताना दोघं बारीक जाळ्याचा पागेर, म्हणजे फेकायचं जाळं, घेऊन उघाडीच्या तोंडाशी आणि बाहेरच्या एका लहान वहाळात उभे होते. वहाळात दहा मिनिटांत पांढऱ्या कोळंबीची सेंटिमीटरभर लांबीची पिल्लं, बोयची पोरं आणि दोन बोटभर तांबोशी आल्या. मोजून लगेच सोडल्या. कोळंबी अंडी घालते ती बाहेर समुद्रात. पिल्लं भरतीच्या पाण्यात वर येऊन वाहत आत शिरतात आणि ओहोटी लागली की तळाशी बसून राहतात, त्यामुळे पुन्हा बाहेर ओढली जात नाहीत. असं करत ती मुळांच्या जाळ्यापर्यंत पोचतात. तिथे गढूळ, उथळ पाणी असतं, मोठा मासा घुसू शकत नाही आणि कुजणाऱ्या पानांवर वाढणारं सूक्ष्म खाद्य मिळतं. काही आठवडे-महिने राहून ती परत समुद्राकडे निघतात आणि मग ट्रॉलरला सापडतात. तळं चालू असताना उघाडीला बारीक जाळी लावलेली असे, बाहेरची पिल्लं आत येऊन खाद्य खाऊ नयेत आणि रोग आणू नयेत म्हणून. म्हणजे तळ्यात कोळंबी वाढत होती आणि त्याच दोन एकरांत रानटी कोळंबीचा पाळणा बंद झाला होता. उघाडीशी आमच्या पागेरात त्या दिवशी काहीच आलं नाही.

दुपारी मातीकडे वळलो. लांबीत अर्धा चिरलेला पाइप चिखलात दाबून अर्ध्या मीटरचा नमुना काढला. बाहेरच्या तिवराखालची माती काळसर निळी होती, तिला सडक्या अंड्याचा वास होता आणि तिचा सामू, म्हणजे पीएच, ६.८ निघाला. बांध खणला तर आत भाताच्या पेंढ्यासारखे पिवळे डाग होते आणि सामू ३.६. बांधाच्या पायथ्याशी झिरपलेलं पाणी गंजासारखं नारिंगी होतं. मग बाहेरच्याच निरोगी मातीच्या चमचाभर नमुन्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं. हातमोजे आणि चष्मा घालूनच हे करायचं, कारण मिश्रण फसफसून गरम होतं. ते निवल्यावर त्याच मातीचा सामू २.५ झाला.

कांदळवनाच्या चिखलात हवा नसते. तिथले जिवाणू समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरतात आणि मातीतल्या लोखंडाशी मिळून पायराइट तयार होतं. पाण्याखाली ते शेकडो वर्षं निरुपद्रवी पडून राहतं. माती उकरून उन्हावाऱ्यात बांध घातला की पायराइटची प्राणवायूशी गाठ पडते, चमच्यात पेरॉक्साइडने पडली तशीच, आणि त्यातून सल्फ्युरिक आम्ल निघतं. पहिल्या पावसात ते तळ्यात उतरतं. कोळंबीला साडेसात ते साडेआठ सामूचं पाणी लागतं. आम्लात स्फुरद लोखंडाला आणि ॲल्युमिनियमला चिकटून बसतं, त्यामुळे पाण्याला हिरवा रंग चढत नाही, कोळंबीचं कवच मऊ राहतं आणि कल्ल्यांवर लोखंडाचा गाळ बसतो. अशी अशक्त कोळंबी पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूला पटकन बळी पडते. चुन्याची पोती ओतून एखादं वर्ष भागतं, पण बांध दर उन्हाळ्यात नवं आम्ल तयार करत राहतो. अशी अनेक तळी सोडून का द्यावी लागली, त्याचं बरंचसं उत्तर त्या पिवळ्या डागांत आहे.

तळ्याच्या मागे खारं पाणी अडवणारा गावाचा खारबंध आहे आणि त्याच्या आत भातशेती. पूर्वी खारबंधापुढे ऐंशी-नव्वद मीटर कांदळवन होतं. आता नैर्ऋत्येचा वारा सुटला की उघड्या तळ्यावर लाटा उठतात. खारबंधाचा पायथा तिथे हातभर पोखरला गेला होता. शेजारीच जिथे तिवर उरलंय, तिथे बांधावर गवत जसंच्या तसं होतं. शंभर मीटर खारफुटी लाटेची उंची १३ ते ६६ टक्क्यांनी कमी करते, असं निरनिराळ्या ठिकाणच्या मोजण्यांत आढळलं आहे. झाडी किती दाट, मुळं कशी आणि पाणी किती खोल, यावर हा आकडा हलतो. वादळात फुगून येणारं समुद्राचं पाणी मात्र एवढ्या पट्ट्याने अडत नाही, त्याला किलोमीटरनी रुंद जंगल लागतं. या गावाला रोजच्या लाटेपासूनचं संरक्षण हवं होतं आणि त्याला नव्वद मीटर पुरत होते.

तळं होण्याआधी या जागेतून वहाळ कुठून जात होता, हे नकाशावर सापडेना. पागेर धुणाऱ्या एका आजोबांना विचारलं. त्यांनी दक्षिणेच्या बांधाच्या मधोमध काठी टेकवली. "हय व्हाळ होतो. बांध घातलो आणि व्हाळ मेलो." तिथे बांध थोडा खचलेलाही होता आणि बाहेरच्या चिखलात जुन्या पात्राची खोलगट रेघ दिसत होती.

तिसऱ्यांदा रोपं लावायची नाहीत, हे त्या संध्याकाळी ठरलं. लावायचं काही नव्हतं, फोडायचं होतं. १९९६च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर किनारपट्टीच्या नियमन क्षेत्रातल्या कोळंबीशेतीवर बंधनं आली आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१८मध्ये राज्यातल्या कांदळवनांना भोवतीच्या पन्नास मीटर पट्ट्यासह संरक्षण दिलं. त्यामुळे अशा जागी बांध फोडायलाही परवानगी लागते. ती मिळायला वेळ लागला आणि काम मे महिन्यात भांगाच्या दिवसांत, ओहोटीत केलं. वहाळाच्या जागी सहा मीटर रुंद तोंड, जुन्या पात्राच्या तळापर्यंत. अरुंद ठेवलं असतं तर पाणी जोराने घुसून नव्या जागी खड्डे पडले असते. बाकीचा बांध मुद्दाम राखला, कोवळ्या रोपांपुढे लाट अडावी म्हणून. काढलेली माती काठावर पसरली नाही, कारण तिच्यातून आम्ल सुटलं असतं. ती तळ्यातल्या सगळ्यात खोल चरांत, कायम पाण्याखाली राहील अशी दाबली आणि वर शिंपल्यांचा चुना टाकला. जूनच्या आधी हे संपवणं गरजेचं होतं. तिवराच्या बिया आणि कांदळाच्या शेंगा पावसाळ्यात गळून तरंगत येतात. त्यांना आत यायला वाट हवी होती.

पुढच्या जानेवारीत पुन्हा गेरूचे बांबू रोवले. आतली रेघ बाहेरच्या रेघेच्या तीन सेंटिमीटर खाली लागली आणि ओहोटीत तळं मधल्या खोलगटाखेरीज रिकामं झालं. ईशान्येच्या त्या कोपऱ्यात आणि कडेच्या उंच पट्ट्यात तिवराची आपोआप उगवलेली रोपं मोजली, दोनशे चौदा. वहाळाच्या तोंडाशी पागेरात बोय आणि पांढऱ्या कोळंबीची पिल्लं आली. मधल्या भागात अजून एकही रोप नाही. तोंडाजवळ गाळ चार सेंटिमीटर चढलाय, मध्यावर एकच. तिथली जमीन वर येईपर्यंत तिथे काही लावायचं नाही, फक्त दर उधाणाला बांबू रोवून रेघ वाचायची, असं ठरलं आहे.