सराव वही: कॅरी गळाला लागला, आता ओव्हरफ्लो

या वेळी ऑक्टलचे अपूर्णांक लिहिणार होते, पण ते राहू देत. टूज कॉम्प्लिमेंटच्या बेरजेतला ओव्हरफ्लो, म्हणजे उत्तर ठरलेल्या बिटांत न मावणं, एकदाचा हाती लागलाय.

फाउंटनच्या फुटपाथवरून आणलेल्या गाइडमध्ये ठोकून दिलंय: शेवटी कॅरी बाहेर आला की ओव्हरफ्लो. साफ चूक. पटत नसेल तर १०० आणि ५० घ्या, आठ बिट, आणि चिन्हांची चारही रूपं करून बघा. उणे आकडे काढायला आपलीच युक्ती: उजवीकडून पहिल्या 1 पर्यंत सगळं तसंच ठेवायचं, पुढचं उलटवायचं. `00110010` चं झालं `11001110`. मूळ आकड्यात मिळवून आठही बिट शून्य आले की बरोबर.

```
+100 +50   01100100 + 00110010 =   10010110
+100 -50   01100100 + 11001110 = 1 00110010
-100 +50   10011100 + 00110010 =   11001110
-100 -50   10011100 + 11001110 = 1 01101010
```

पहिल्या ओळीत कॅरी नाही, तरी उत्तर -१०६. दुसरीत कॅरी आहे आणि उत्तर चोख ५०. तिसरी कॅरीविना बरोबर, -५०. चौथीत कॅरीही आहे आणि उत्तरही चुकलेलं, +१०६. म्हणजे एकट्या बाहेरच्या कॅरीवरून काहीच कळत नाही.

बघायचं ते सगळ्यात डावीकडच्या, चिन्ह सांगणाऱ्या साइन बिटच्या दारात. आत शिरणारा कॅरी आणि बाहेर पडणारा कॅरी वेगळे असले की ओव्हरफ्लो. पहिल्या ओळीत आत 1, बाहेर 0. चौथीत आत 0, बाहेर 1. दुसरीत दोन्हीकडे 1, तिसरीत दोन्हीकडे 0. मी आता डावीकडच्या घराच्या डोक्यावर हे दोन कॅरी लाल पेनने लिहिते. चौकटीची वही नसेल तर हे जमत नाही, रेघी वहीत घरं सरकतात. ताळा म्हणून: ओव्हरफ्लो झाला की खऱ्या उत्तरात आणि आलेल्यात नेमका २५६ चा फरक पडतो. १५० वजा २५६, -१०६.

हे लिहितानाच सुचलं की हेक्सवर पंधराचा ताळा लावता येईल, दशमानात नवाचा लावतो तसा. १०० म्हणजे हेक्समध्ये `64`, त्याच्या अंकांची बेरीज १०; ५० म्हणजे `32`, त्याची ५, मिळून १५. उत्तर `96`, तेही १५. जुळलं! पण उत्तर चुकलेलं असूनही जुळलं, कारण बेरीज बिटांपुरती बरोबरच आहे. तेव्हा हा ताळा हाताच्या चुका पकडेल, ओव्हरफ्लो नाही. `96` च्या जागी `69` लिहिलं तरी गप्पच बसेल. आणि बाहेरचा कॅरी टाकण्याआधी लावायचा: चौथ्या ओळीचं `9C + CE = 16A` जुळतं, नुसतं `6A` एकाने कमी पडतं.

पुढच्या खेपेला ऑक्टल नाहीच. बारा बिटांवर हेच चार प्रकार, लाल पेन आणि पंधराचा ताळा दोन्ही लावून.