सव्वा किलो सळई

आमचा ग्राहक जर्मनीतला, सळईचा व्यापारी. त्याच्या वेबसाइटवरच्या मागणीच्या फॉर्ममध्ये वजन किलोत भरायचं असतं. एके दुपारी त्याच्या गोदामातून विचारणा आली: एका बांधकामवाल्याने फक्त सव्वा किलो सळई मागवली आहे, ती पाठवायची का?

लॉगमध्ये त्याने टाइप केलेला मजकूर सापडला, `1.250`. जर्मनीत हजार तोडायला टिंब लावतात आणि दशांशाला स्वल्पविराम. म्हणजे त्याला साडेबाराशे किलो हवे होते. आमच्या हाती आलेल्या जुन्या कोडमध्ये मात्र सरळ `parseFloat` होतं. ते टिंबालाच दशांशचिन्ह धरतं आणि न कळणारं चिन्ह दिसलं की तिथपर्यंतचा आकडा देऊन मोकळं होतं. एरर येतच नाही.

```js
parseFloat("1.250")     // 1.25
parseFloat("1.250,50")  // 1.25
parseFloat("12,5")      // 12
```

मला सगळ्यात जास्त धास्ती तिसऱ्या ओळीची वाटली. सव्वा किलो निदान कुणाच्या डोळ्यांत तरी खुपतं, साडेबाराचे बारा झाले तर कोण बघतो?

सहकारी म्हणाला, "स्वल्पविराम काढून टाकू या की." मग `12,5` चे एकशेपंचवीस होतात. नुसत्या `1.250` कडे बघून तो सव्वा की साडेबाराशे हे कुणालाच ठरवता येणार नाही. म्हणून अंदाज बांधायचाच नाही, असा मी आग्रह धरला. फॉर्म ज्या भाषेत उघडला आहे तिची चिन्हं ब्राउझरलाच विचारायची:

```js
new Intl.NumberFormat("de-DE").formatToParts(12345.6)
```

यातून `group` आणि `decimal` वेगवेगळे मिळतात. नमुन्याचा आकडा मुद्दाम पाच अंकी घेतला, कारण स्पेनच्या स्पॅनिशमध्ये चार अंकी संख्या तोडतच नाहीत.

चिन्हं मिळाली तरी ती लगेच पुसायची नाहीत, आधी जागा तपासायची. जर्मन फॉर्ममध्ये प्रत्येक टिंबानंतर बरोबर तीन अंक हवेत. `1.25` आलं तर ते नाकारून पुन्हा विचारायचं. हाच नियम आपल्याकडे लावला तर `1,25,000` अडकेल, म्हणून भारतासाठी शेवटचे तीन आणि त्याआधी दोन-दोन अशी वेगळी तपासणी लिहिली. फ्रेंचमध्ये हजार तोडायला एक खास अरुंद स्पेस येते, पण माणूस साधी स्पेसच दाबतो, तेव्हा दोन्ही चालवून घेतल्या. शिवाय चौकटीखाली आम्हाला कळलेलं वजन लगेच दिसेल असं केलं.

जुन्या मागण्यांचं काम मात्र किचकट निघालं. डेटाबेसमध्ये `1.25` एवढंच होतं, मूळ `1.250` मधलं शेवटचं शून्य फ्लोटमध्ये राहत नाही. लॉग अलीकडचेच होते, त्यामुळे बाकीच्या संशयास्पद मागण्यांसाठी व्यापाऱ्याच्या माणसांना एकेका ग्राहकाला फोन करावा लागला. आता टाइप केलेला मजकूर आम्ही जसाच्या तसा वेगळ्या कॉलममध्ये ठेवतो.