एकाच पाण्यात ५० आणि ८९.७

प्रथम वर्षाच्या प्रात्यक्षिकात त्या दिवशी एकच काम होते: आपला तापमापक आपणच तयार करायचा. तीन गट केले होते. पहिल्याकडे काचेचा पाऱ्याचा तापमापक, पण त्याच्या आकड्यांवर कागदाची पट्टी चिकटवलेली. दुसऱ्याकडे Pt100, म्हणजे तापताना विद्युत रोध वाढणारी प्लॅटिनमची तार, तिसऱ्याकडे मण्याएवढा थर्मिस्टर, ज्याचा रोध तापताना घटतो, आणि मल्टिमीटर. प्रत्येकाने बर्फात एक खूण घ्यायची, वाफेत दुसरी घ्यायची, मधले अंतर समान भागांत वाटायचे आणि वॉटर बाथमधल्या पाण्याचे तापमान सांगायचे. बाथ ५० अंशांवर लावलेला होता, पण त्याची तबकडी झाकलेली होती.

पाऱ्याच्या गटाने ५०.० सांगितले, प्लॅटिनमच्या गटाने ५०.४. थर्मिस्टरच्या गटातल्या मुलीने वहीत ८९.७ लिहिले आणि त्याखाली दोनदा रेघ मारली. तिने त्याच पाण्यात बोट बुडवून पाहिले होते. "सर, नव्वद अंशांच्या पाण्यात बोट ठेवता आलंच नसतं. मीटर बिघडलंय."

मीटर ठीक होते. पण त्याला दोष देण्यापूर्वी दोन्ही खुणा तपासणे आवश्यक होते, कारण या प्रयोगात बहुतेक चुका तिथेच होतात.

बर्फाची खूण दिसते तितकी सोपी नाही. फ्रीजरमधून थेट काढलेला बर्फ शून्याच्या बराच खाली, साधारण उणे १५ ते १८ अंशांवर असतो. असा पांढरा, कोरडा बर्फ तापमापकाला चिकटला तर खूण खाली जाते. तो ठेचून, ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवून, कडेने पारदर्शक दिसू लागेपर्यंत थांबावे लागते. उलट बर्फ विरघळून तळाशी पाणी साचले आणि मणी त्या पाण्यात राहिला, तर खूण वर सरकते. म्हणून थर्मासमध्ये बर्फ गच्च भरायचा आणि जास्तीचे पाणी अधूनमधून काढून टाकायचे. तिने हे सगळे नीट केले होते. मीटर ३३.६ किलोओहमवर दहा मिनिटे स्थिर होता.

वाफेची खूणही तिने बरोबर घेतली होती, म्हणजे मणी उकळत्या पाण्यात न बुडवता हिप्सोमीटरमध्ये पाण्याच्या वर, वाफेत धरला होता. पाणी स्वतः उकळण्याच्या तापमानाच्या थोडे वर जाऊ शकते आणि त्यात क्षार असतील तर आणखी वर, वाफेचे तापमान मात्र फक्त हवेच्या दाबावर ठरते. पुण्यात आपण समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर वर आहोत. फोर्टिनच्या वायुभारमापकावर त्या दिवशी दाब ७१२ मिलिमीटर होता. शंभर अंशांच्या जवळ दाब २७ मिलिमीटरने कमी झाला की पाणी साधारण एक अंश लवकर उकळते. ७६० मधून ७१२ गेले, उरले ४८, म्हणजे १.८ अंश कमी. आपली वाफ ९८.२ अंशांची. पाऱ्याच्या गटाने आधी वाफेची खूण १०० धरली होती आणि त्यांचे उत्तर ५०.९ आले होते. फळ्यावर ९८.२ लिहिल्यावर ते ५०.० झाले.

वाफेत थर्मिस्टरचा रोध ०.७३ किलोओहम होता आणि बाथच्या पाण्यात ३.५९. तिने आकडेमोड अशी केली होती:

```
t = 98.2 × (R0 − R) / (R0 − Rs)
  = 98.2 × (33.6 − 3.59) / (33.6 − 0.73)
  = 89.7
```

यात एकही चूक नाही. पाऱ्याच्या गटाने रोधाच्या जागी उंची घालून नेमके हेच केले. दोन टोकांना तिन्ही तापमापक एकमेकांशी जुळतात, कारण आपणच तिथे त्यांना जुळवले आहे. मध्ये मात्र प्रत्येकाचा आपापला अंश असतो. पाऱ्याची उंची जवळजवळ सारख्या पावलांनी वाढते. थर्मिस्टरचा रोध बर्फाजवळ धाडकन उतरतो आणि वाफेजवळ रेंगाळतो, त्यामुळे निम्म्या वाटेवरच त्याची बहुतेक घट होऊन गेलेली असते.

पुढचा प्रश्न मुलांनीच विचारला, आणि दिवसभराचे काम त्यावरच झाले. एकच पाणी पारा ५० म्हणतो आणि थर्मिस्टर ८९.७, मग या मोजण्याला अर्थ काय राहिला?

याचे उत्तर शोधायला अंश बाजूला ठेवले. कागदाच्या पट्ट्या, सूत्रे, ९८.२, काहीच नाही. हातात फक्त मल्टिमीटरवरचे किलोओहम. रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये बाथमधले ३०० ग्रॅम पाणी ओतले. ओतताना ते थोडे निवते, म्हणून थर्मिस्टरने ३.७२ दाखवले. शेजारी २०० ग्रॅमचा पितळी ठोकळा होता, मध्ये बारीक भोक पाडलेला. भोकात तेलाचे चार थेंब घातले, नाहीतर मणी आणि पितळ यांच्यात हवा राहते आणि मणी ठोकळ्याऐवजी त्या हवेचेच तापमान सांगत बसतो. ठोकळा आधी तापवून थर्माकोलच्या डब्यात निवत ठेवला आणि त्याचा रोध चढत चढत ३.७२ होण्याची वाट पाहिली.

आता ठोकळा आणि पाणी यांची अजून गाठ पडलेली नाही. दोघांना भेटला आहे तो फक्त थर्मिस्टर, आधी एकाला आणि मग दुसऱ्याला. प्रत्येकाशी त्याचा औष्णिक समतोल झाला, म्हणजे उष्णतेची देवाणघेवाण थांबून आकडा स्थिर झाला, आणि दोन्ही वेळा आकडा ३.७२ होता. प्रयोगशाळेतल्या मामांनी ठोकळा दोऱ्याने पाण्यात सोडला, मणी पाण्यात ठेवला आणि मुले मीटरकडे पाहत राहिली. पाच मिनिटांनी ३.७३. तेवढा फरक थर्मासमधले पाणी आपोआप निवल्याचा.

ठोकळा पुन्हा तापवला आणि या वेळी ३.१० ला पाण्यात सोडला. मीटर ३.७३ वरून सरकत ३.६९ वर आला. या टप्प्यावर एक अंशाला रोध सुमारे ०.१४ किलोओहम बदलतो, म्हणजे पाणी पाव अंशाहून जरा जास्त तापले. ठोकळा जवळजवळ पाच अंश गरम होता, पण २०० ग्रॅम पितळ उष्णतेच्या दृष्टीने केवळ १८ ग्रॅम पाण्याइतके असते, त्यामुळे पाण्यावर इतकाच परिणाम झाला.

उष्मागतिकीचा शून्यावा नियम तो हाच. दोन वस्तू तिसरीशी वेगवेगळ्या समतोलात असतील, तर त्या एकमेकींशीही समतोलात असतात. हे तर्काने सिद्ध होणारे विधान नाही. दोन लोहचुंबक तिसऱ्या लोखंडी खिळ्याला ओढतात, म्हणून ते एकमेकांना ओढतीलच असे नाही. उष्णतेच्या बाबतीत मात्र निसर्ग असा वागतो, हे करून पाहिल्यावर कळते. पहिला आणि दुसरा नियम आधीच ठरून गेले होते. हा त्यांच्याही आधी यायला हवा, हे नंतर लक्षात आले, म्हणून त्याला शून्याचा क्रमांक मिळाला. या नावाचे श्रेय राल्फ फाउलर यांना दिले जाते.

या नियमाशिवाय तापमापकच उरत नाही. तापमापक नेहमी स्वतःचेच तापमान सांगतो. 'माझे ते पाण्याचे' असे म्हणण्याचा हक्क त्याला समतोलामुळे मिळतो, आणि इथला आकडा तिथल्या आकड्याशी ताडून पाहण्याचा हक्क शून्याव्या नियमामुळे. एका मुलाने परीक्षानळीतल्या १० ग्रॅम गरम पाण्यात २५ अंशांचा काचेचा तापमापक घातला आणि ५६.८ वाचले. बुडलेला भाग साधारण १ ग्रॅम पाण्याइतकी उष्णता घेतो असे धरले, तर पाणी आधी ६० अंशांचे होते. तापमापक खोटे बोलला नाही. त्याने समतोलाचे तापमान सांगितले, पण त्या समतोलात तो स्वतःही सामील होता. लहान नमुन्यासाठी मण्याएवढा थर्मिस्टर वापरतात तो यासाठीच.

आता ८९.७ कडे परत येऊ. ठोकळ्याचा प्रयोग तिच्या अंशांत लिहिला असता तरी दोन्हीकडे सारखाच आकडा आला असता आणि निष्कर्ष तोच निघाला असता. समान आहे की नाही, एवढेच शून्यावा नियम सांगतो. आकडा कुठला द्यायचा हे तो सांगत नाही. सेल्सियस यांनी १७४२ मध्ये मांडलेल्या मापश्रेणीत पाणी उकळण्याला ० आणि गोठण्याला १०० होते. ती उलटी असूनही चालत होती. आमचे किलोओहमही उलटेच चालतात.

पण मग ५० च का? कारण विरळ वायूंनी केलेले तापमापक, आत हायड्रोजन असो वा हीलियम, दाब कमी करत नेला की मधल्या प्रत्येक ठिकाणी एकमेकांशी जुळतात. त्यात पदार्थाचा स्वभाव उरत नाही. केल्विन यांनी १८४८ मध्ये पदार्थावर न अवलंबणाऱ्या मापश्रेणीची कल्पना मांडली आणि वायूंची ही मापश्रेणी पुढे तिच्याशीच जुळली. आजचे अंश तिथून आले आहेत. पारा त्या मापश्रेणीच्या जवळ चालतो हा योगायोग, प्लॅटिनम थोडा हटून चालतो आणि थर्मिस्टर फार.

थर्मिस्टरला या मापश्रेणीवर आणायचे तर त्याची चाल ओळखून सूत्र वापरावे लागते. रोधाचा लॉगॅरिदम आणि केल्विनमधल्या तापमानाचा व्यस्तांक यांचा आलेख जवळजवळ सरळ रेषा येतो. तिने आपल्याच दोन खुणांवरून तिचा चढ काढला:

```
B = ln(33.6/0.73) / (1/273.15 − 1/371.35) ≈ 3955 K
1/T = 1/273.15 − ln(33.6/3.59)/3955
T ≈ 323.0 K
```

उत्तर ४९.९ अंश. बर्फ, वाफ, मणी सगळे तेच. फक्त टोकांच्या मधला रस्ता बदलला.

"हा राहिलेला ०.१ कुणाचा?" तिने विचारले. शोध घेतल्यावर तो वाफेच्या खुणेत सापडला. मीटर २० किलोओहमच्या रेंजवर ठेवूनच तिने ते वाचन घेतले होते, आणि त्या रेंजवर ०.७३ च्या पुढचा आकडा दिसत नाही. तिथली अर्ध्या एककाची अनिश्चितता मध्यावर येईपर्यंत ०.१ अंशाएवढी होते. हिप्सोमीटर पुन्हा पेटवला, रेंज २ किलोओहमवर आणली. मीटरवर ०.७३४ आले, B ३९५० झाला आणि बाथचे तापमान ५०.०.